निर्देशांक पडला आणि SQQQ सुद्धा पडला, हे कसं काय?

एडिसनचा पाहुणा
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, नोकरी आयटीतली, शेअर बाजार हा शनिवार-रविवारचा उद्योग. एक कोडं सुटत नाहीये म्हणून धागा काढतोय.

एप्रिल २०२५ मध्ये आयातशुल्काच्या घोषणेनंतर नॅस्डॅक-१०० कसा गडगडला ते आठवत असेल. २ तारखेच्या बंद भावापासून ९ तारखेच्या बंद भावापर्यंत धरलं तर निर्देशांक दोन-सव्वादोन टक्के खाली होता. माझ्याकडे त्या आठवड्यात SQQQ होता, म्हणजे नॅस्डॅकच्या उलट दिशेला तिप्पट धावणारा ईटीएफ. माझ्या हिशोबाने मला सहा-सात टक्के फायदा दिसायला हवा होता. दिसला सात टक्क्यांच्या आसपास तोटा. त्याच काळात ऑफिसातल्या एकाकडे सुलट तिप्पट TQQQ होता, त्याचे बारा टक्के गेले.

एक जण हरला तर दुसरा जिंकायला हवा ना? दोघांचेही पैसे गेले कुठे?

खवचट बोका
कुठे जाणार, फंडवाल्यांच्या खिशात. या फंडांचा खर्च बघा, साध्या इंडेक्स फंडाच्या कितीतरी पट असतो. वर स्वॅपचं, म्हणजे निर्देशांकाचा नफा-तोटा देण्याघेण्याच्या कराराचं, व्याज. "झीज, झीज" म्हणतात ती हीच. नाव गोंडस दिलंय एवढंच.

स्वाती_नाशिक
मला वाटतं ऑप्शनमध्ये थीटा असतो तसंच काहीतरी असणार. रोज थोडं थोडं वितळतं. मी बँक निफ्टीचे कॉल घेऊन ठेवले होते, बाजार हललाच नाही तरी शून्य झाले.

जुना हिशोबनीस
बोकोबा, खर्च आहे हे खरं, पण SQQQ किंवा TQQQ चा वर्षाचा खर्च एक टक्क्याच्या आत आहे. पाच दिवसांत त्याने कुणाचे बारा टक्के जात नाहीत. स्वातीताई, थीटाही नाही. बाजार अजिबात हलला नाही तर या फंडाचं या कारणाने काहीच झिजत नाही. तो झिजतो बाजार हलतो म्हणून, आणि हलून पुन्हा तिथेच येतो म्हणून. मी काही वर्षं अशा फंडांना स्वॅप पुरवणाऱ्या डेस्कच्या मागच्या खोलीत काढली आहेत, त्यामुळे हा हिशोब रोज डोळ्यांखालून जायचा.

सगळ्यात साधं उदाहरण घेऊ. निर्देशांक १०० वर आहे. पहिल्या दिवशी ११० होतो, दुसऱ्या दिवशी परत १००. वर जाताना १० टक्के गेला. खाली येताना मात्र ११० वर १० रुपये पडले, म्हणजे ९.०९ टक्के. हा फरक लक्षात ठेवा.

आता तिप्पट फंड. त्याची तिप्पट दर दिवसाच्या हालचालीची असते. पहिल्या दिवशी ३० टक्के वाढून १०० चे १३० झाले. दुसऱ्या दिवशी ९.०९ ची तिप्पट, म्हणजे २७.२७ टक्के गेले. १३० चे २७.२७ टक्के म्हणजे ३५.४५. उरले ९४.५५. निर्देशांक जागच्या जागी, फंड साडेपाच टक्के खाली.

उलट तिप्पट फंड बघा. पहिल्या दिवशी ३० टक्के जाऊन ७० उरले. दुसऱ्या दिवशी २७.२७ टक्के मिळाले, पण ७० वर. म्हणजे १९.०९. एकूण ८९.०९. जवळजवळ ११ टक्के तोटा.

सुलट आणि उलट दोन्ही फंड हरले, आणि यात कुणाचा एक पैशाचा खर्च धरलेला नाही.

एडिसनचा पाहुणा
गणित पटलं. पण पैसे गेले कुठे हे अजून कळत नाही. टक्केवारीचा खेळ आहे म्हटलं तर तो कागदावर. खरा डॉलर कुणीतरी कुणालातरी दिला असेल ना?

जुना हिशोबनीस
दिला. म्हणूनच फंड रोज संध्याकाळी काय करतो ते बघायला हवं.

सुलट तिप्पट फंडाकडे १०० रुपये आहेत आणि त्याने ३०० रुपयांचा निर्देशांक धरलाय. निर्देशांक १० टक्के चढला. धरलेला माल ३३० चा झाला, फंडाकडे १३० झाले. पण उद्यासाठी तिप्पट राहायचं तर १३० वर ३९० चा माल हवा. म्हणून बाजार बंद व्हायच्या सुमारास तो आणखी ६० चा घेतो, तोही चढलेल्या भावाला. दुसऱ्या दिवशी निर्देशांक परत १०० वर. ३९० वर ३५.४५ गेले, फंडाकडे ९४.५५ उरले, आणि माल उरला ३५४.५५ चा. आता हवा फक्त २८३.६४ चा. मग जवळपास ७१ चा विकतो, पडलेल्या भावाला.

चढल्यावर घेतलं, पडल्यावर विकलं. त्या वरच्या ६० रुपयांच्या मालावर ९.०९ टक्के म्हणजे ५.४५ गेले. १०० मधून ५.४५ वजा करा, बरोबर ९४.५५. तुमचा हरवलेला डॉलर हा. ज्याने वर विकला आणि खाली घेतला, त्याच्याकडे तो गेला. बाजारातलं कुणीही असू शकतं.

गंमत उलट फंडात आहे. त्याने ३०० चं शॉर्ट केलंय, म्हणजे हाती नसलेला माल आधीच विकून ठेवलाय. निर्देशांक चढला, शॉर्ट ३३० चं झालं, भांडवल ७० वर आलं. ७० वर तिप्पट म्हणजे २१० चंच शॉर्ट चालेल. मग तो १२० चा माल परत विकत घेतो. म्हणजे बाजार चढल्यावर तोही घेतोच, आणि सुलट फंडाच्या दुप्पट घेतो. दोघे एकमेकांविरुद्ध पैज लावून बसलेले दिसतात, पण संध्याकाळी दोघेही एकाच बाजूला रांगेत उभे असतात. म्हणून एकाचा तोटा दुसऱ्याचा फायदा होत नाही.

कृष्णाकाठ
हे छान सांगितलंत. साधा उलट फंड, तिप्पट नाही, एकपट असतो, तो तरी सुरक्षित असेल मग? त्यात कर्ज नाही, वाढवलेलं काही नाही.

जुना हिशोबनीस
बऱ्याच जणांना तसं वाटतं. करून बघा. १०० चे ९० झाले, मग ९० वर ९.०९ टक्के मिळाले. ९८.१८.

आता सुलट दुप्पट फंड करा. १०० चे १२० झाले, मग १८.१८ टक्के गेले. ९८.१८. तोच आकडा.

उलट एकपट आणि सुलट दुप्पट यांची झीज सारखी. उलट दुप्पट आणि सुलट तिप्पट यांची सारखी. उलट बाजू नेहमी एक पायरी महाग. पट `L` असेल तर झीज साधारण `L*(L-1)` च्या प्रमाणात जाते. `L` च्या जागी 2 घाला, -1 घाला, दोन्हीकडे 2 येतो. तिप्पटला 6, उलट तिप्पटला 12. साध्या फंडाला 1 घातलं की शून्य, म्हणून इंडेक्स फंडाला हा आजार नाही.

खवचट बोका
दोन दिवसांत १० टक्के वर आणि परत खाली, असा बाजार कुणी बघितलाय? उदाहरण मुद्दाम भडक घेतलंय तुम्ही. खऱ्या बाजारात रोज अर्धा-एक टक्का हालचाल असते. तिथे ही झीज चिल्लर असेल.

जुना हिशोबनीस
अर्धा मुद्दा मान्य. एक दिवस १ टक्का वर, दुसऱ्या दिवशी परत जागेवर, असं वर्षभर म्हणजे २५० सेशन चाललं तर सुलट तिप्पट फंडाचे १०० चे ९३ च्या आसपास राहतील. त्रासदायक आहे, पण मरणाचं नाही. हालचाल २ टक्क्यांची करा, उरतील साधारण ७४.५. उलट तिप्पटचे ५५.५. हालचाल दुप्पट झाली की प्रत्येक फेरीतली झीज चौपट होते. त्यामुळे शांत वर्षांत हे फंड निरुपद्रवी वाटतात आणि खवळलेल्या बाजारात अचानक दात दाखवतात.

आणि खवळलेला बाजार कुणी बघितलाय म्हणाल, तर धागालेखकाचाच आठवडा घ्या. ३ एप्रिलला नॅस्डॅक-१०० सुमारे ५.४ टक्के पडला, ४ ला ६.१, सोमवारी ७ ला जेमतेम ०.२ वर, ८ ला २ च्या आसपास खाली, आणि ९ ला शुल्कस्थगितीची बातमी आल्यावर एका दिवसात १२ टक्के वर.

उलट तिप्पट १०० पासून चालवा. ३ ला ११६.२. ४ ला १३७.५. ७ ला १३६.६. ८ ला १४४.८. इथवर तुमचा फायदा जवळपास ४५ टक्के होता, आणि तुम्ही हात चोळत बसला असाल. ९ ला ३६ टक्के गेले, १४४.८ वर. उरले ९२.७. सुलट तिप्पट याच वाटेने गेला तर ८८ वर थांबतो. निर्देशांक ९७.७. तिघेही लाल रंगात.

एडिसनचा पाहुणा
८ तारखेला खरंच हात चोळत होतो :)
म्हणजे १२ टक्क्यांचा मार अख्ख्या फुगलेल्या रकमेवर बसला. आता डोक्यात शिरलं.

सदाशिव पेठेतून
एक शंका. मी निफ्टी फ्युचर्समध्ये पोझिशन ठेवतो, महिनोन्महिने पुढे ढकलत. त्यातही रोज संध्याकाळी एमटीएम होतं, पैसे खात्यात येतात-जातात. मार्जिन धरलं तर माझी पोझिशन भांडवलाच्या पाच-सहा पट असते. मग माझीही अशीच झीज होत असणार की! आजवर कुणी सांगितलं नाही.

जुना हिशोबनीस
नाही, साहेब. तुमचे लॉट बदलतात का? निफ्टी चढला म्हणून तुम्ही संध्याकाळी आणखी लॉट घेता का?

सदाशिव पेठेतून
छे. एक लॉट म्हणजे एक लॉट.

जुना हिशोबनीस
मग निफ्टी चढून परत तिथेच आला तर तुमचं एमटीएम फिटतं. रोज पैसे इकडून तिकडे होणं हे झिजेचं कारण नाही. रोज माल कमी-जास्त करणं हे कारण आहे. रोलओव्हरला जो फरक द्यावा लागतो तो वेगळा खर्च.

तुमची अडचण दुसरी आहे. पाच-सहा पटीत निफ्टी एका हप्त्यात पुरेसा पडला तर मार्जिन कॉल येतो आणि भांडवलाच्या पलीकडेही जायची वेळ येऊ शकते. तिप्पट फंडवाल्याकडे असा फोन कधी येत नाही, कारण पडत्या बाजारात फंड स्वतःच रोज माल कमी करत जातो. निर्देशांक एकाच दिवसात ३३ टक्के पडल्याशिवाय फंड शून्य होत नाही. १९ ऑक्टोबर १९८७ ला सुद्धा एस अँड पी ५०० साडेवीस टक्केच पडला होता. झीज ही त्या संरक्षणाची किंमत समजा.

मिडलसेक्सचा म्हसोबा
हा धागा एकतर्फी चाललाय म्हणून लिहितो. मी TQQQ चा जुना धारक. २०१० मध्ये हा फंड निघाला तेव्हापासून "झिजून संपेल" ऐकतोय. तेव्हापासून तो नॅस्डॅकच्या तिपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढलाय. झीज इतकी भयानक असती तर हे कसं झालं?

तुमच्याच पद्धतीने उदाहरण देतो. निर्देशांक १०० वरून ११०, मग पुन्हा १० टक्के, १२१. वाढ २१. तिप्पट फंड १३० आणि मग १६९. वाढ ६९. २१ ची तिप्पट ६३. सहा टक्के वरचे कुठून आले? पडताना बघा. १०० चे ९० आणि ८१. तिप्पट फंड ७० आणि ४९. म्हणजे ५१ गेले, हिशोबाने ५७ जायला हवे होते. २०२२ चं उदाहरण खरं आहे: नॅस्डॅक-१०० वर्षभरात ३३ टक्के पडला, त्याची तिप्पट ९९. TQQQ पडला ७९ टक्के.

जुना हिशोबनीस
बरोबर, आणि हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. चढल्यावर घेणं हे सलग चढणाऱ्या बाजारात शहाणपण ठरतं. पडल्यावर विकणं सलग पडणाऱ्या बाजारात. तीच कृती वर-खाली करणाऱ्या बाजारात मूर्खपणा ठरते. फंड काहीच ठरवत नाही, त्याला वाटेचं भाकीत नाही, तो रोज तेच करतो. म्हणून "कालांतराने झिजतो" हे वाक्य मी सरसकट वापरत नाही. काळामुळे नव्हे, वाटेमुळे झिजतो.

फक्त ७९ टक्क्यांचा दिलासा फार मानू नका. २१ चे पुन्हा १०० व्हायला फंड जवळजवळ पावणेपाच पट व्हावा लागतो.

मिडलसेक्सचा म्हसोबा
ते सोसलंय. पण तुमच्या `L*(L-1)` ला घाबरून २०१० मध्ये बाहेर राहिलेल्यांनी काय कमावलं?

जुना हिशोबनीस
तुम्ही निवडलेली वाट नॅस्डॅकच्या इतिहासातल्या सगळ्यात सरळ चढणींपैकी एक. हा फंड २००० मध्ये असता तर आपण हे बोलत नसतो. यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही, सोडून देऊ.

कृष्णाकाठ
अवांतर होईल, पण विचारते. SQQQ चा जुना चार्ट उघडला तर २०१० च्या आसपासचा भाव हजारोंच्या हजारोंत दिसतो. आज दोन आकडी. इतका पडलाय तर आता किती स्वस्त! मंदी आली की परत तिथे जाईल का?

खवचट बोका
ताई, नका.

जुना हिशोबनीस
तो भाव त्या दिवशी कुणी दिलेला नाही. फंड झिजून काही डॉलरवर आला की पाच शेअरांचा एक असं एकत्रीकरण करतात, म्हणजे भाव पाचपट दिसतो आणि शेअर पाचवा भाग उरतात. SQQQ मध्ये हे अनेकदा झालंय. चार्ट काढणारे जुने भाव त्या प्रमाणात वाढवून दाखवतात. त्या चार्टवर दिसतं ते एवढंच, की तेव्हाचा एक डॉलर आज किती उरला. एखाद्या फंडात अशी एकत्रीकरणं वारंवार दिसली तर ती झिजेची सगळ्यात ठळक खूण समजा.

स्वाती_नाशिक
अमेरिकेत इतके नियम, मग हे विकूच कसे देतात?

मिडलसेक्सचा म्हसोबा
सांगूनच विकतात. माहितीपत्रकात "दैनिक" हा शब्द ठिकठिकाणी आहे. फिन्रा या दलालांच्या नियामक संस्थेने जून २००९ मध्येच दलालांना बजावलं होतं, की एका सेशनपेक्षा जास्त धरून ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला हे सहसा योग्य नाहीत. त्याच उन्हाळ्यात एसईसी या बाजार नियामकाने दिलेल्या इशाऱ्यात उदाहरण आहे: डिसेंबर २००८ ते एप्रिल २००९ मध्ये एक निर्देशांक ८ टक्के वाढला, त्यावरचा सुलट तिप्पट फंड ५३ टक्के पडला, उलट तिप्पट ९० टक्के.

खवचट बोका
म्हणजे म्हसोबांनी इशारा वाचूनच घेतला :)
बरं हिशोबनीस, संध्याकाळी सगळे एकाच बाजूला रांग लावतात म्हणालात. मग त्या रांगेमुळेच भाव हलत नसेल का?

जुना हिशोबनीस
मोठ्या निर्देशांकात किती हलतो यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि माझंही मत ठाम नाही. पण लहान बाजारात काय होतं ते ५ फेब्रुवारी २०१८ ला सगळ्यांनी पाहिलं. XIV नावाची क्रेडिट सुईसची ईटीएन होती. बाजाराची अपेक्षित चढ-उतार मोजणाऱ्या विक्स निर्देशांकाच्या जवळच्या महिन्यांच्या फ्युचर्सवर उलट एकपट. एकपटच, नीट बघा. त्या दिवशी विक्स १७ वरून ३७ वर गेला. असे फंड चढल्यावर घेतात हे वर आलंच. संध्याकाळी त्यांना प्रचंड प्रमाणात विक्स फ्युचर्स घ्यायची होती, आणि किती घ्यायची हे कुणालाही वहीत मांडता येत होतं. भाव आणखी चढला, त्यामुळे आणखी घ्यावी लागली. XIV एका दिवसात ९० टक्क्यांहून जास्त गेली आणि त्याच महिन्यात गुंडाळली. तसाच दुसरा फंड SVXY वाचला, पण त्यानंतर त्याचा पट उलट एकवरून उलट अर्ध्यावर आणला.

सदाशिव पेठेतून
एकपट उलट, कर्ज नाही, आणि तरी ९० टक्के. बाप रे.

एडिसनचा पाहुणा
एक्सेलमध्ये करून बघायचं आहे. सूत्र कसं मांडू?

जुना हिशोबनीस
A स्तंभात निर्देशांकाचे रोजचे बंद भाव टाका. B1 मध्ये 100. मग B2 मध्ये खालचं सूत्र टाकून खाली ओढा. उलट तिप्पटला 3 च्या जागी -3.

```
=B1*(1+3*(A2/A1-1))
```

एडिसनचा पाहुणा
केलं. एप्रिलचे पाच दिवस जवळजवळ तंतोतंत जुळले. पण २०२४ चं पूर्ण वर्ष टाकलं तर सूत्राचा SQQQ आणि लाभांश धरून खरा SQQQ यांत फरक येतो, आणि खरा थोडा वर आहे! खर्च वजा जाऊन खाली असायला हवा ना?

जुना हिशोबनीस
व्याज. उलट फंडाकडे तुमची रोकड पडून असते, आणि शॉर्टच्या बदल्यातही त्याला स्वॅपमधून व्याज मिळतं. दर पाच टक्क्यांच्या आसपास होते तेव्हा ती रक्कम खर्चापेक्षा बरीच मोठी होती. TQQQ टाकून बघा, तिथे तेच व्याज उलट भरावं लागतं आणि खरा फंड सूत्राच्या खाली येईल. बोकोबांचा पहिला प्रतिसाद तिथे थोडा बरोबर ठरतो.

खवचट बोका
थोडा का होईना. नोंद घ्यावी.